करवाढीची वाटणी: सात जागांच्या एका इमारतीचा हिशेब

भाडेकरार आणि त्यांचे हिशेब तपासून देणे हे माझे काम. या कामात इमारतीच्या मालमत्ता कराच्या वाढीवरून होणारे वाद नेहमी येतात आणि त्यातले बहुतेक वाद करापेक्षा पत्रामुळे पेटलेले असतात. मालक लिहितो, 'कर वाढला, इतके द्या.' भाडेकरू विचारतो, 'इतके म्हणजे कसे?' याला उत्तर नसले की पुढची सगळी बोलणी बिघडतात. खाली दिलेल्या प्रकरणात उत्तर होते, पण पहिल्या चिठ्ठीत नव्हते.

इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची आहे. तळाला दोन व्यावसायिक जागा: १,२०० चौरस फुटांचा दवाखाना आणि ८०० चौरस फुटांचे स्टेशनरीचे दुकान. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर प्रत्येकी १,००० चौरस फुटांची दोन-दोन घरे. तिसऱ्या मजल्यावर २,००० चौरस फुटांत मालकीणबाई स्वतः राहतात. म्हणजे भाड्याच्या जागा सहा आणि सातवी मालकीणबाईंची. दवाखाना, दुकान आणि तीन घरे यांचे करार मागच्या करवर्षात नव्याने झालेले. दुसऱ्या मजल्यावरचे उजवीकडचे घर या करवर्षाचे पहिले पाच महिने रिकामे होते. सहाव्या महिन्यात तिथे एक नवे कुटुंब आले.

पाचव्या महिन्यात कराचे बिल आले होते. मागच्या वर्षी १,६०,००० रुपये, या वर्षी २,११,४००. वाढ ५१,४०० रुपयांची. मालकीणबाईंनी ही रक्कम सहा भाडेकरूंत सारखी वाटली, प्रत्येकी ८,५६७ रुपये आले, त्याला बाराने भागले आणि सहाव्या महिन्याच्या अखेरीस सगळ्यांच्या दारात एक चिठ्ठी सरकवली: 'मालमत्ता कर वाढल्यामुळे पुढच्या महिन्यापासून भाड्यात ७१४ रुपये वाढ.' एवढेच.

त्यांच्या मनात खोट नव्हती. सगळ्यांना सारखे म्हणजे न्याय, असे त्यांना वाटले. पण नव्या कुटुंबाला येऊन महिनाही झाला नव्हता आणि १,००० चौरस फुटांच्या घराला जेवढा वाटा तेवढाच १,२०० फुटांच्या दवाखान्याला होता. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी वर जाऊन शांतपणे सांगितले, 'काकू, वाढ द्यायला आमची ना नाही. पण बिल दाखवा आणि हा आकडा कसा काढला ते सांगा.' ते बिल आणि सहा करार घेऊन मालकीणबाई माझ्याकडे आल्या.

मी आधी करार वाचतो, बिल नंतर. करारात करवाढीबद्दल काहीच लिहिलेले नसेल तर मुदत संपेपर्यंत ठरलेले भाडे तेच राहते. मालकाला तो विषय नूतनीकरणाच्या वेळी काढावा लागतो. काही ठिकाणी भाडेनियंत्रणाचा कायदा करार काहीही म्हणत असला तरी वाढीला मर्यादा घालतो किंवा मार्ग आखून देतो, म्हणून तोही एकदा पाहून घ्यायचा. इथे कायद्याची आडकाठी नव्हती आणि सहाही करारांत एकच कलम होते: करार सुरू झाला त्या करवर्षातील कर हा पाया धरावा, त्यापेक्षा दर वाढून जो जास्त कर येईल त्यातील त्या जागेच्या वाट्याची निम्मी रक्कम भाडेकरूने व निम्मी मालकाने सोसावी, आणि मागणीपूर्वी तीस दिवसांची लेखी सूचना द्यावी.

हे कलम चांगले लिहिलेले होते. त्यातल्या प्रत्येक शब्दाचा पुढे उपयोग झाला. पाया कोणता, कशामुळे झालेली वाढ, कोणाच्या जागेचा वाटा आणि त्यातला किती भाग, या चारही प्रश्नांची उत्तरे त्यात होती. मालकीणबाईंनी चिठ्ठी लिहिण्यापूर्वी ते उघडले नव्हते, इतकेच.

मग बिल. बिलावरची बेरीज ही वाटायची रक्कम नसते. त्या बेरजेत काय काय मिसळले आहे ते सुटे करावे लागते आणि त्यासाठी बिलाबरोबर आकारणीचा तक्ता लागतो. तक्त्यात प्रत्येक भागाचे क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचे वय आणि दर असे रकाने असतात. मालकीणबाईंना तो कधी लागला नव्हता. कर खात्यात अर्ज करून दोन्ही वर्षांचे तक्ते मागवले. ते समोर ठेवल्यावर चित्र असे दिसले:

| बाब | मागचे वर्ष | हे वर्ष |
|---|---|---|
| निवासी कर | ७२,००० | ९८,००० |
| बिगरनिवासी कर | ६४,००० | ८०,००० |
| सफाई आकार | २४,००० | ३०,००० |
| विलंब आकार | – | ३,४०० |
| एकूण | १,६०,००० | २,११,४०० |

विलंब आकाराची ओळ सगळ्यात सोपी. मागच्या वर्षीचा दुसरा हप्ता मालकीणबाईंनी उशिरा भरला होता, त्याचा हा भुर्दंड. तो करही नाही आणि वाढही नाही. भाडेकरूंनी भाडे वेळेवर दिलेले असताना तो त्यांच्यावर टाकण्याचा प्रश्नच येत नाही. ३,४०० बाजूला.

सफाई आकार ६,००० रुपयांनी वाढला होता. तो मात्र दरमहा घेतल्या जाणाऱ्या देखभाल खर्चात आधीपासूनच धरलेला होता. देखभालीचा हिशेब वर्षअखेरीला होतो, त्यात प्रत्यक्ष खर्च सातही जागांवर पडतो आणि सफाई आकाराची वाढ तिथे आपोआप येणार होती. इथे पुन्हा घेतली असती तर एकाच पैशाची दोनदा वसुली झाली असती. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. तीही मुद्दाम नव्हे. कराचे बिल एका कागदावर, देखभालीचा हिशेब दुसऱ्या वहीत, आणि दोन्ही एकाच वेळी कोणी उघडत नाही. भाडेकरूला ही दुहेरी वसुली ओळखायची असेल तर देखभालीच्या हिशेबात पाणी, सफाई, मलनिस्सारण असे कोणते आकार आहेत ते पाहावे आणि त्यातले काही कराच्या बिलावरही आहे का ते ताडून घ्यावे.

खरी मेख निवासी कराच्या ओळीत होती. ७२,००० वरून ९८,०००, म्हणजे २६,००० रुपयांची वाढ. बिल एवढेच सांगत होते. तक्त्याने त्यातली गोष्ट सांगितली. मागच्या वर्षी निवासी क्षेत्रफळ ६,००० चौरस फूट होते आणि दर फुटाला १२ रुपये. या वर्षी क्षेत्रफळ ७,००० आणि दर १४ रुपये. हे वाढीव १,००० फूट आले कुठून? मालकीणबाईंनी गच्चीवर पत्र्याची पक्की शेड घातली होती. पाहुण्यांसाठी एक खोली आणि बाकी सामानाची जागा. कर खात्याच्या पाहणीत ती नोंदली गेली आणि आकारणीत चढली.

म्हणजे २६,००० ची वाढ दोन कारणांनी झालेली. दर १२ चा १४ झाल्यामुळे जुन्या ६,००० फुटांवर १२,००० रुपये वाढले. शेडच्या १,००० फुटांवर १४ रुपयांनी १४,००० रुपये नवीन लागले. पहिली वाढ सगळ्या घरांवर पडलेली आहे. दुसरी मालकीणबाईंच्या बांधकामामुळे आलेली आहे आणि ते बांधकाम त्या एकट्याच वापरतात. कलमात 'दर वाढून' असे स्पष्ट लिहिलेले असल्याने इथे वाद घालायला जागाच नव्हती. ते शब्द नसते तरी मी हेच सुचवले असते. शेड भाडेकरूंना वापरायला दिली असती तर गोष्ट वेगळी झाली असती, पण मग तिचे भाडे वेगळे ठरले असते.

हे कोणालाही घरबसल्या तपासता येते. दोन्ही वर्षांचा कर त्या-त्या वर्षीच्या क्षेत्रफळाने भागायचा. येणारा दर किती टक्के वाढला ते पाहायचे आणि बिलाची रक्कम किती टक्के वाढली त्याच्याशी ताडायचे. इथे दर सुमारे १७ टक्के वाढला होता आणि रक्कम ३६ टक्के. दोन्हींत एवढे अंतर दिसले की क्षेत्रफळ किंवा वापराचा प्रकार कुठेतरी बदललेला आहे असे समजावे आणि तक्ता मागावा.

बिगरनिवासी ओळीत क्षेत्रफळ दोन्ही वर्षी २,००० फूटच होते. दर ३२ चा ४० झाला आणि कर १६,००० ने वाढला. या ओळीबद्दल मला आणखी एक शंका आली होती, तिच्याकडे नंतर येतो.

तर ५१,४०० मधून विलंब आकाराचे ३,४००, सफाई आकाराचे ६,००० आणि शेडचे १४,००० वजा केले की उरतात २८,०००. त्यात निवासी १२,००० आणि बिगरनिवासी १६,०००. वाटायची वाढ ही.

आता वाटायची कशी? मालकीणबाई म्हणाल्या, 'एकूण आठ हजार फूट आहेत, २८,००० ला आठ हजारांनी भागा, फुटामागे साडेतीन रुपये.' दिसायला हे सरळ वाटते. पण कर खात्याने घरांवर फुटामागे २ रुपये वाढवले आहेत आणि व्यवसायाच्या जागांवर ८. सरसकट साडेतीन लावले तर १,००० फुटांच्या घरावर २,००० ऐवजी ३,५०० चा बोजा पडतो आणि दवाखान्यावर ९,६०० ऐवजी ४,२०० चाच. घरांनी तळमजल्याचा कर भरल्यासारखे झाले असते. बिलातच दोन वर्ग वेगळे दिलेले असताना ते एकत्र करायला काही कारण नाही. ज्या वर्गाची वाढ त्याच वर्गात वाटायची.

वर्ग ठरल्यावर प्रश्न भाजकाचा येतो आणि मालकांचे हित नेमके इथे आड येते. निवासी १२,००० कितीने भागायचे? ज्यांच्याकडून वाटा घ्यायचा त्या घरांनीच भागा, असे म्हणणारे मालक मला वरचेवर भेटतात. इथे मालकीणबाईंचे २,००० फूट आणि नव्या कुटुंबाचे, ज्यांच्याकडून वाटा का घ्यायचा नाही ते पुढे येते, १,००० फूट वगळले तर उरतात ३,०००. मग फुटामागे वाढ २ ऐवजी ४ रुपये होते आणि प्रत्येक घराचा वाटा दुप्पट. मालकाच्या स्वतःच्या घराचा आणि ज्यातून वसुली होत नाही त्या घराचा कर बाकीच्यांच्या डोक्यावर बसतो. म्हणून भाजक नेहमी कर लागलेल्या पूर्ण क्षेत्रफळाचा. जागा रिकामी असो, मालक राहत असो, नाहीतर कोणाला सूट दिलेली असो, ते फूट भाजकात राहतात आणि त्यांचा वाटा मालकाकडे जातो. शेडचे १,००० फूट मात्र इथे धरले नाहीत, कारण त्यांचा कर आधीच वेगळा काढून ठेवला होता. १४,००० वगळायचे आणि भाजकात ७,००० धरायचे असे केले तर चूक उलट्या दिशेने झाली असती आणि मालकीणबाईंचे नुकसान झाले असते.

डॉक्टरांनी नंतर क्षेत्रफळावर एक हरकत घेतली. ती उपयोगाची आहे म्हणून सांगतो. त्यांनी फीत लावून दवाखाना आतून मोजला आणि तो १,०५० फूट भरला. करारात १,२०० होते, कारण करारातले माप भिंती आणि जिन्याचा भाग धरून केलेले. 'मग मी १,०५० च्याच हिशेबाने देईन,' असे त्यांचे म्हणणे. दुकानही त्याच पद्धतीने मोजले, ते ७०० भरले. १,०५० आणि ७०० मिळून १,७५०, त्यात दवाखाना साठ टक्के. १,२०० आणि ८०० मिळून २,०००, त्यातही दवाखाना साठ टक्के. रक्कम एका पैशाने बदलली नाही. वाटणीसाठी प्रमाण लागते, आणि दोन्ही मापे एकाच पद्धतीची असली की प्रमाण सहसा तेच येते. गडबड होते ती सरमिसळीत. दवाखान्याचे १,२०० फूट करारातून घेतले आणि १,७५० ही बेरीज फितीच्या मापातून घेतली असती तर त्यांचा वाटा साठचा सुमारे साडेअडुसष्ट टक्क्यांवर गेला असता. डॉक्टरांनी दोन्ही बेरजा स्वतः करून पाहिल्या आणि विषय सोडला.

यानंतरचा हिशेब मिनिटाचा. निवासी वाढ फुटामागे २ रुपये, १,००० फुटांच्या घराला वर्षाला २,०००, त्यातले निम्मे भाडेकरूचे, म्हणजे १,०००. बिगरनिवासी वाढ फुटामागे ८ रुपये. दवाखान्याचे १,२०० फुटांचे ९,६००, त्यातले निम्मे ४,८००. दुकानाचे ८०० फुटांचे ६,४००, निम्मे ३,२००.

नव्या कुटुंबाचा वाटा शून्य. त्यांचा करार या करवर्षात झाला, तेव्हा त्यांचा पाया याच वर्षीचा, वाढलेला कर. शिवाय भाडे ठरवताना बिल हातात आलेले होते आणि मालकीणबाईंनी जुन्या भाडेकरूपेक्षा जास्त भाडे लावले होते. कराची वाढ त्या भाड्यात आलेलीच आहे. मालकीणबाईंना हे पटायला वेळ लागला. 'त्यांच्याही घराला कर वाढलाच ना?' वाढला, पण त्यांच्याशी व्यवहार झाला तो वाढल्यानंतर.

तीन घरांचे ३,०००, दवाखाना ४,८०० आणि दुकान ३,२०० मिळून भाडेकरूंकडून यायचे ११,००० रुपये. पहिल्या चिठ्ठीत ५१,४०० मागितले होते. हा आकडा ऐकून मालकीणबाई बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. पण उलटी बेरीज करून पाहिली: भाडेकरूंचे ११,०००, मालकीणबाईंच्या वाट्याचे त्याच २८,००० मधले १७,०००, देखभालीतून येणारे ६,०००, आणि त्यांचे एकट्यांचे विलंब आकार व शेड मिळून १७,४००. एकूण ५१,४००. बिलातला प्रत्येक रुपया कुठेतरी बसलेला आहे हे अशा बेरजेतून दिसते. ती जुळली नाही तर पत्र पाठवू नये.

पहिली चिठ्ठी लेखी मागे घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या जागेपुरते पत्र दिले. दवाखान्याचे पत्र असे होते:

> डॉक्टर, स.न.वि.वि.
>
> करवाढीबाबत मागील महिन्यात दिलेली चिठ्ठी मी रद्द करीत आहे. त्याऐवजी हे पत्र धरावे.
>
> या वर्षी इमारतीचे कराचे बिल ५१,४०० रुपयांनी वाढले आहे. ही सर्व वाढ आपणाला लागू नाही. त्यातून विलंब आकार ३,४०० आणि गच्चीवरील शेडचा कर १४,००० मी स्वतः भरणार आहे. सफाई आकाराची वाढ ६,००० देखभाल खर्चाच्या हिशेबात येईल, ती येथे घेतलेली नाही. निवासी जागांची वाढ १२,००० हिचा आपल्या जागेशी संबंध नाही.
>
> राहिली बिगरनिवासी वाढ: मागील वर्षी ६४,०००, या वर्षी ८०,०००, फरक १६,०००. बिगरनिवासी क्षेत्र २,००० चौ. फूट, आपली जागा १,२०० चौ. फूट. त्याप्रमाणे आपल्या जागेवरील वाढ ९,६००. करारानुसार निम्मी माझी, निम्मी आपली. आपला वाटा वर्षाला ४,८०० रुपये.
>
> ही रक्कम आपण एकरकमी द्यावी किंवा दरमहा ४०० प्रमाणे बारा हप्त्यांत द्यावी. पहिला हप्ता या पत्रापासून तीस दिवसांनंतरच्या भाड्याबरोबर. पावतीवर ती 'करवाढीचा वाटा' म्हणून वेगळी दाखवली जाईल, भाड्यात मिळवली जाणार नाही.
>
> बिगरनिवासी आकारणीवर मी हरकत दाखल केली आहे. कर कमी झाल्यास आपल्या वाट्याचा फरक परत मिळेल. दोन्ही वर्षांची बिले व आकारणी तक्ते सोबत जोडले आहेत. हिशेबात काही चुकले असे वाटल्यास अवश्य कळवावे.

पत्रात काय घेतले नाही ते आधी सांगितले आहे, हे मी मुद्दाम करायला लावतो. बिलाची प्रत हातात पडली की भाडेकरूची नजर थेट ५१,४०० वर जाते. त्यातले बाकीचे कुठे गेले हे त्याला कळले नाही तर ४,८०० बरोबर असूनही संशय राहतो.

वाटा भाड्यात मिळवायचा नाही, या अटीमागेही कारण आहे. दवाखान्याच्या करारात भाडे दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढते. ४०० रुपये भाड्यातच घातले असते तर पुढच्या वर्षी त्यांचे ४४० आणि त्यानंतर ४८४ झाले असते, कर जागचा हलला नसला तरी. डिपॉझिटही भाड्याच्या पटीत ठरलेले, तेही वाढले असते. आणि कर कमी झाला तर भाड्यात मुरलेला पैसा कोण शोधून काढणार? पावतीवर स्वतंत्र ओळ असली की हे तिन्ही प्रश्न मिटतात.

आता हरकतीकडे येतो. दोन्ही वर्गांचे तक्ते शेजारी ठेवून वाचताना दिसले की इमारतीच्या वयाबद्दल मिळणारी पाच टक्के सूट या वर्षी निवासी ओळीत लावली होती आणि बिगरनिवासी ओळीत तो रकाना कोरा होता. एकाच इमारतीचे वय तळाला वेगळे आणि वर वेगळे असू शकत नाही. तळमजला नंतर बांधलेला असतो अशी उदाहरणे आहेत, पण इथे सगळे बांधकाम एकाच वेळचे होते आणि तसा दाखला मालकीणबाईंकडे होता. हरकतीला मुदत असते आणि ती बिल मिळाल्यापासून मोजतात. आठवडाभरात ती टळली असती. कर भरूनच हरकत घेतली, म्हणजे पुन्हा विलंब आकार लागायची भीती नको.

यावर दुकानदाराने रास्त प्रश्न विचारला. हरकत घेतलीच आहे तर निकाल लागेपर्यंत आम्ही का द्यावे? कारण कर भरला गेलेला आहे आणि निकाल कधी लागेल याचा भरवसा नसतो. पण परतफेडीचे वचन लेखी नसेल तर ही शंका अगदी योग्य आहे. कर कमी झाल्याचे भाडेकरूला कोणी कळवत नाही. परतावा मालकाच्या खात्यात जातो किंवा पुढच्या बिलात वळता होतो, आणि तिथेच राहतो.

चार महिन्यांनी सूट मंजूर झाली. ८०,००० चे ७६,००० झाले. वाढ १६,००० ऐवजी १२,०००. दवाखान्याचा वाटा साठ टक्क्यांचा निम्मा, म्हणजे ३,६००, दुकानाचा २,४००. डॉक्टरांनी ४,८०० एकदम दिले होते, त्यांना १,२०० परत केले. दुकानदार दरमहा २६७ देत होता, त्याचे उरलेले हप्ते कमी केले. हरकतीसाठी अर्ज आणि दाखल्यांवर झालेला खर्च परताव्यातून कापून घ्यावा असे मालकीणबाईंच्या मनात होते. पत्रात तसे लिहिले नव्हते, म्हणून कापला नाही. हा खर्च वाटून घेणे अन्यायाचे नाही, फायदा दोघांचा आहे. पण ते हरकत घेण्याआधी सांगायचे असते.

मधल्या काळात दुसऱ्या मजल्यावरच्या डावीकडच्या भाडेकरूने घर सोडण्याची नोटीस दिली. करवर्षाचे नऊ महिने पूर्ण करून तो जाणार होता. डिपॉझिट परत करताना मालकीणबाई पूर्ण १,००० कापणार होत्या. वाटा वर्षाचा असला तरी तो राहण्यावर पडतो, तेव्हा नऊ महिन्यांचे ७५०. त्याने तोवर दोन हप्त्यांचे १६७ दिलेले, म्हणून कापायचे ५८३. उरलेल्या तीन महिन्यांचे २५० मालकीणबाईंचे, आणि त्या घरात जो नवा येईल त्याच्याकडून ते घेता येणार नाहीत, कारण त्याचा पाया नवा असेल.

पुढच्या वर्षीसाठी एक कागद करून ठेवला आहे. त्यात प्रत्येक करारापुढे त्याच्या पायाचा आकडा लिहिला आहे: दवाखाना आणि दुकान यांना बिगरनिवासी ६४,०००, जुन्या दोन घरांना निवासी ७२,०००, नव्या कुटुंबाला शेड वगळून ८४,०००. समजा पुढच्या वर्षी बिगरनिवासी कर ८२,००० झाला. तर दवाखान्याचा हिशेब ६४,००० पासून पुन्हा करायचा: फरक १८,०००, त्याचे साठ टक्के १०,८००, निम्मे ५,४००. हे ५,४०० या वर्षीच्या ३,६०० च्या जागी येतात, त्यात मिळवायचे नाहीत. दरवर्षीचा वाटा आदल्या वर्षीच्या वाट्यावर चढवत नेला तर तिसऱ्या वर्षी भाडेकरू पूर्ण करापेक्षाही जास्त भरत असल्याचे एक प्रकरण मी पाहिले आहे, आणि दोन्ही बाजूंना ते कळलेच नव्हते. मालकीणबाईंनी तो कागद कराच्या बिलांच्या फायलीत सगळ्यात वर लावला आहे आणि त्याच्या प्रती पाचही जणांना दिल्या आहेत.